जानेवारीत आलेले पैसे, जूनपासूनचं व्याज

हे प्रकरण पुण्यातल्या एका भाषांतरकार ताईंचं आहे. गेली काही वर्षं त्यांचं कराचं काम मी पाहतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत, पण हिशोबाची चाल जशी घडली तशीच ठेवली आहे. वर्ष आहे 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026.

ताई इंग्रजीतून मराठी आणि हिंदीत भाषांतर करतात. यंत्रांच्या माहितीपुस्तिका, मोबाइल अ‍ॅपवरचा मजकूर, अधूनमधून शालेय पुस्तकं. काम देणारे तीन प्रकारचे. मुंबईतली एक एजन्सी वर्षाकाठी साधारण चार लाखांचं काम देते आणि बिलातून 10 टक्के टीडीएस कापते. युरोपातली एक एजन्सी थेट खात्यात पैसे पाठवते, तिथे टीडीएसचा प्रश्नच नाही. उरलेले सुटे ग्राहक, बहुतेक व्यक्ती, तेही काही कापत नाहीत. एखाद्या महिन्यात दोन लाख येतात आणि पुढचा महिना वीस हजारांवर निघतो.

पहिला प्रश्न असा की त्यांना आगाऊ कराचे, म्हणजे वर्ष संपायच्या आत अंदाजाने भरायच्या आयकराचे, चार हप्ते भरावे लागतातच का. डॉक्टर, वकील, अभियंता, आर्किटेक्ट, सीए अशा ठरावीक व्यावसायिकांना कलम 44एडीए घेता येतं. जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची आणि सगळा आगाऊ कर एकदाच 15 मार्चपर्यंत भरायचा. ताईंना अनेकांनी हाच सल्ला दिला होता. पण त्या कलमाची यादी बंद आहे आणि भाषांतर त्यात नाही. काहीजण त्याऐवजी छोट्या धंद्यांसाठीचं तसंच कलम 44एडी सुचवतात. मी ते सुचवत नाही, कारण तिथेही ठरावीक टक्का किंवा प्रत्यक्ष कमावलेली जास्त रक्कम असं कलमातच म्हटलं आहे, आणि ताईंचा खर्च जमेच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकाच असतो. म्हणून आम्ही जमा-खर्च लिहून प्रत्यक्ष नफा दाखवतो. हिशोब रोखीच्या पद्धतीने, म्हणजे पैसे खात्यात आले की उत्पन्न. हा मार्ग घेतला की चार हप्ते आलेच: 15 जूनपर्यंत वर्षाच्या कराचे 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत एकूण 45, 15 डिसेंबरपर्यंत 75 आणि 15 मार्चपर्यंत पूर्ण. टीडीएस वजा करून वर्षाचा कर दहा हजारांच्या आत असेल तर हप्ते नाहीत.

अंदाज बांधायची आमची रीत साधी आहे. वहीत तीन रकाने. पहिल्यात खात्यात आलेले पैसे. दुसऱ्यात लेखी ऑर्डर आलेली कामं, ज्यांचे पैसे 31 मार्चच्या आत यायला हवेत अशी. तिसऱ्यात उरलेल्या रिकाम्या महिन्यांसाठी गेल्या वर्षीच्या मंद महिन्यांइतकी रक्कम. ज्या कामाची नुसती बोलणी चालली आहेत ते कुठल्याच रकान्यात जात नाही. सरासरी काढून बाराने गुणणं मी टाळतो. एका मोठ्या महिन्याने सरासरी फुगते आणि माणूस न मिळालेल्या पैशांवर कर भरून बसतो.

जूनमध्ये या रीतीने वर्षाची जमा 13,20,000 दिसत होती. सॉफ्टवेअरचं भाडं, इंटरनेट, संगणकाचा घसारा आणि दुसऱ्या भाषांतरकारांना दिलेले पैसे मिळून खर्च 2,20,000. नफा 11,00,000, त्यावर मुदतठेवीचं व्याज 40,000. एकूण 11,40,000.

नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम 87एची सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे जूनचा हप्ता शून्य, उलट मुंबईची एजन्सी कापत असलेला टीडीएस परत मिळायचा. ताई निर्धास्त झाल्या. मला मात्र ते 11,40,000 खटकत होते, कारण सीमा फक्त साठ हजारांवर होती. पगारदाराला 75,000 ची प्रमाणित वजावट मिळते म्हणून त्याची सीमा पावणेतेरा लाखांपर्यंत सरकते. स्वतंत्र काम करणाऱ्याला ती वजावट नाही. पगारदार मित्रमैत्रिणींच्या तोंडचा आकडा ऐकून अंदाज बांधणारे पुष्कळजण इथेच फसतात.

तरीही जूनमध्ये काही भरू नका असंच मी सांगितलं. का, ते पुढे येईलच.

जुलैत युरोपच्या एजन्सीने एका मोठ्या कामाची चौकशी केली. वैद्यकीय उपकरणांच्या पुस्तिका, दोन भाषांत. ऑगस्टमध्ये नमुना भाषांतर मागवलं आणि मग शांतता. त्याच एजन्सीची छोटी कामं मात्र वाढली. 15 सप्टेंबरच्या आठवड्यात वही पुन्हा मांडली तेव्हा जमा 14,50,000, खर्च 2,30,000 आणि व्याज धरून उत्पन्न 12,60,000 निघालं.

इथे ताई दचकल्या. उत्पन्न सीमेच्या साठ हजार वर गेलं आणि कर आला 62,400. साध्या टप्प्यांनी कर 69,000 होतो, पण 12 लाखांच्या वर जेवढी रक्कम गेली त्याहून जास्त कर घ्यायचा नाही अशी सवलत असल्याने तो 60,000 वर थांबतो, आणि त्यावर 4 टक्के उपकर चढतो.

“म्हणजे वरचं सगळंच सरकारला? मग ही छोटी कामं घेऊच नकोत का मी?” त्यांनी विचारलं.

“ताई, ही पट्टी साधारण 12,70,000 ला संपते,” मी म्हटलं. “त्याच्या वर गेलात की शंभरातले साडेपंधराच्या आसपास कराला जातात, बाकी तुमचे. मधल्या पट्टीत अडकलात तर मात्र वरचे पैसे हातात राहत नाहीत, हे खरं.”

ही पट्टी अनियमित उत्पन्नाच्या माणसाला फार त्रास देते. 11,90,000 आणि 12,60,000 हे भाषांतरकाराच्या दृष्टीने एकाच वर्षाचे दोन अंदाज, एका बिलाचा फरक. पण एकावर कर काही नाही आणि दुसऱ्यावर बासष्ट हजार. त्यामुळे “गेल्या वर्षीएवढाच भरू” हे सूत्र बारा लाखांच्या आसपासच्या माणसाला चालत नाही. दर वेळी कर मुळापासून मांडावा लागतो.

62,400 मधून वर्षभराचा अपेक्षित टीडीएस 40,000 वजा केला, राहिले 22,400. त्याचे 45 टक्के 10,080. ताईंनी 10,100 भरले.

टीडीएस वजा करण्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. हप्त्याच्या तारखेला 26एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडून तिथला आकडा धरायची सवय अनेकांना असते. पण कापणारा आपलं तिमाही विवरण नंतर भरतो: एप्रिल-जूनचं 31 जुलैपर्यंत, जुलै-सप्टेंबरचं 31 ऑक्टोबरपर्यंत. म्हणून 15 जूनला किंवा 15 सप्टेंबरला 26एएस अर्धवटच दिसतं. त्या दिवशी आपली बिलं आणि बँकेत आलेली निव्वळ रक्कम यांवरूनच टीडीएस मोजावा, आणि 26एएसशी ताळा नोव्हेंबरच्या सुरुवातीला घालावा, म्हणजे गडबड असेल तर डिसेंबरच्या हप्त्याआधी कळते. दुसरं म्हणजे, ज्याने कापायला हवा होता पण कापलाच नाही, त्याचा टीडीएस आपण मनाने वजा करू शकत नाही. पूर्ण बिल हातात पडलं असेल तर त्यावरचा आगाऊ कर आपल्याच डोक्यावर.

ऑक्टोबरच्या अखेरीस मोठ्या कामाची लेखी ऑर्डर आली. काम डिसेंबरात द्यायचं, पैसे जानेवारीत. आता ते दुसऱ्या रकान्यात बसलं. डिसेंबरच्या मांडणीत जमा 17,00,000, खर्च 2,40,000 आणि व्याज धरून उत्पन्न 15,00,000 झालं. कर 1,05,000, उपकर धरून 1,09,200. टीडीएस वजा जाता 69,200 उरले. त्याचे 75 टक्के 51,900 होतात. आधीचे 10,100 जमेस धरून ताईंनी 41,900 भरले, म्हणजे एकूण 52,000. प्रत्येक हप्ता एकत्रित टक्क्यांत मोजायचा असल्याने मागची तूट पुढच्या हप्त्यात आपोआप भरून निघते. सप्टेंबरला कमी पडलं म्हणून वेगळा हप्ता भरायला लागत नाही, त्या तुटीवर व्याज मात्र लागतं.

तेव्हाच त्यांनी तो प्रश्न विचारला जो दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं. “जूनमध्ये हे काम माझ्या स्वप्नातही नव्हतं. पैसे जानेवारीत येणार. मग जूनच्या हप्त्यावर व्याज कसं?”

कमी पडलेल्या हप्त्यांवर व्याज लावणाऱ्या कलम 234सीचं गणित वर्षअखेरच्या प्रत्यक्ष करावर चालतं. 15 जूनला तुम्हाला काय माहीत होतं, तोवर किती कमाई झाली होती, हे ते विचारत नाही. वर्षाचा जो कर ठरला त्याचे 15 टक्के जूनला, 45 सप्टेंबरला भरलेले असायला हवे होते असं धरून तूट काढली जाते. भांडवली नफा, लाभांश, लॉटरी यांसाठी सवलत आहे: ते उत्पन्न नंतर आलं आणि त्यावरचा कर उरलेल्या हप्त्यांत किंवा हप्ते संपले असतील तर 31 मार्चपर्यंत भरला, तर मागचं व्याज लागत नाही. धंदा-व्यवसायाच्या उत्पन्नाला तीच सवलत फक्त पहिल्यांदाच असं उत्पन्न झालं तर मिळते. नोकरी सोडून त्या वर्षी स्वतंत्र काम सुरू केलेल्यांनी ही तरतूद जरूर वापरावी. ताईंची ती वर्षं मागे गेली होती. शेअर विकून अचानक नफा झालेल्याला सवलत आणि कष्टाचं काम उशिरा मिळालेल्याला नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. उत्पन्न ज्या तिमाहीत आलं त्या तिमाहीपासून हप्ता मोजण्याची सोय कायद्यात असायला हवी.

पण अन्याय किती रुपयांचा, तेही पाहायला हवं. व्याज महिन्याला 1 टक्का, सरळव्याज. पहिल्या तीन हप्त्यांच्या तुटीवर प्रत्येकी तीन महिन्यांचं, शेवटच्यावर एका महिन्याचं. वर्षभर एक पैसाही भरला नाही तरी 234सी कराच्या 5 टक्क्यांच्या किंचित वर जातं. आणि सुरुवातीला थोडी सैल जागा ठेवली आहे: जूनपर्यंत 12 टक्के आणि सप्टेंबरपर्यंत 36 टक्के भरलेले असतील तर त्या हप्त्यांवर व्याज नाही. त्याहून कमी पडलं तर मात्र तूट 15 आणि 45 पासूनच मोजतात. डिसेंबरला अशी ढील नाही.

म्हणूनच जूनमध्ये मी थांबायला सांगितलं होतं. भीतीपोटी दहा हजार भरले असते आणि वर्ष 12 लाखांच्या आत राहिलं असतं, तर ते दहा हजार पुढच्या वर्षी विवरणपत्र भरून परताव्याची वाट पाहीपर्यंत अडकले असते. परताव्यावर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं, पण तेही एप्रिलपासून पुढचं. जून ते मार्च पैसे फुकट पडून राहतात. ज्याच्या खात्यात पुढच्या महिन्यात वीस हजारच येण्याची शक्यता आहे त्याला दहा हजारांची अडकलेली रक्कम जाणवते. जूनच्या चुकीची किंमत त्या मानाने फार थोडी, कारण तिथे पणाला लागलेत फक्त 15 टक्के. डिसेंबरच्या अंदाजाला मी कितीतरी जास्त वेळ देतो.

15 मार्च 2026 ला रविवार होता. शेवटची तारीख बँकेच्या सुट्टीला आली तर पुढच्या कामाच्या दिवशी भरलेला हप्ता वेळेत धरतात, तसं परिपत्रक 1994 पासून आहे. तरी आम्ही शुक्रवारी, 13 तारखेलाच उरलेले 17,200 भरले. एकूण 69,200 झाले आणि ताईंच्या लेखी वर्ष संपलं.

24 मार्चला युरोपच्या एजन्सीकडून 60,000 आले. त्या बिलाची मुदत एप्रिलमध्ये होती, आम्ही ते पुढच्या वर्षात धरलं होतं. रोखीच्या पद्धतीने ते आता याच वर्षाचं उत्पन्न झालं. वाढलेला कर 9,000, उपकर धरून 9,360. एकूण देय 78,560.

पुष्कळजण इथे म्हणतात की 15 मार्च गेली, आता विवरणपत्र भरतानाच पाहू. पण 31 मार्चपर्यंत भरलेली रक्कम आगाऊ करच मानली जाते, आणि त्या तारखेवर दुसरं व्याज अवलंबून असतं. 31 मार्चपर्यंत देय कराच्या 90 टक्के भरलेले नसतील तर कलम 234बी लागतं, एप्रिलपासून पैसे भरेपर्यंत महिन्याला 1 टक्का, आणि महिन्याचा एक दिवस गेला तरी पूर्ण महिना धरतात. 78,560 चे 90 टक्के 70,704. ताईंनी भरलेले 69,200. म्हणजे त्या एका बिलाने त्या रेषेच्या दीड हजार खाली गेल्या होत्या. त्यांनी 27 मार्चला 9,360 भरले आणि 234बीचा विषय संपला.

भरण्याची कृती सोपी आहे, पण एका जागी घोळ होतो. आयकराच्या संकेतस्थळावर `e-Pay Tax` मध्ये गेलं की वर्ष निवडायला सांगतात. ते आकारणी वर्ष असतं, म्हणजे 2025-26 मध्ये कमावलेल्या पैशांसाठी `2026-27`. सप्टेंबरमध्ये ताईंचं बोट `2025-26` वर जात होतं, कारण डोक्यात तेच वर्ष होतं. तसं भरलं असतं तर पैसे मागच्या वर्षाच्या नावावर जमा झाले असते आणि या वर्षाचा हप्ता कोरा दिसला असता. चलनातली चूक संकेतस्थळावरून दुरुस्त करता येते, पण वर्ष बदलायला दिवस मोजकेच मिळतात, म्हणून चलन त्याच दिवशी उघडून वर्ष वाचावं. प्रकार `Advance Tax (100)` निवडावा. `Self Assessment Tax (300)` हा वर्ष संपल्यावरच्या भरण्यासाठी असतो. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे. त्यात आकारणी वर्ष जाऊन एकच कर वर्ष आलं आणि कलमांचे क्रमांक बदलले. हप्त्यांच्या तारखा आणि टक्के तेच आहेत.

विवरणपत्र तयार करताना व्याजाचा हिशोब असा निघाला. तुटीची रक्कम शंभराच्या पटीत खाली आणून मग व्याज लावतात.

| हप्ता | तोवर भरायला हवे होते | तोवर भरले | व्याज |
|---|---|---|---|
| 15 जून | 11,784 | 0 | 351 |
| 15 सप्टेंबर | 35,352 | 10,100 | 756 |
| 15 डिसेंबर | 58,920 | 52,000 | 207 |
| 15 मार्च | 78,560 | 69,200 | 93 |

एकूण 1,407 रुपये. सर्वांत मोठा आकडा सप्टेंबरचा आहे, आणि तो टाळण्यासाठी लेखी ऑर्डर नसलेलं काम धरून अठ्ठावीस हजारांहून अधिक भरावे लागले असते. वर्षभर काहीच न भरता सगळं जुलैत भरलं असतं तर 234सीचे 3,962 आणि 234बीचे 3,140 मिळून 7,102 गेले असते. या दोन आकड्यांमधला फरक हीच चार वेळा वही मांडण्याची कमाई.

पैसे बाजूला ठेवण्याची त्यांची रीतही या वर्षात बदलली. आधी त्या प्रत्येक जमेतून पाच टक्के दुसऱ्या खात्यात टाकत. आता टीडीएस कापून आलेल्या पैशांतून काही काढत नाहीत, कारण त्यातून 10 टक्के आधीच गेलेले असतात. न कापता आलेल्या प्रत्येक रकमेतून दहा टक्के बाजूला काढतात, आणि वर्षाचं अंदाजी उत्पन्न पावणेतेरा लाख ओलांडतंय असं दिसलं की सोळा टक्के. सोळा लाखांच्या वर गेलं तर टप्पा 20 टक्क्यांचा होतो, तेव्हा एकवीस. यंदाच्या जूनमध्ये वही मांडली तेव्हा दुसऱ्या रकान्यात युरोपच्या एजन्सीची वार्षिक ऑर्डर होती आणि अंदाज सीमेच्या बराच वर होता. या वेळी त्यांनी जूनचे पूर्ण 15 टक्के भरले.